‘ह्यां काय खपना नाय’ म्हणण्याआधी: रोजच्या शिलकेवरून संपलेला आणि पडून राहिलेला माल कसा ओळखायचा

“आठवड्याक बारा पुरतत. एक पण उरना नाय.”

डासांच्या कॉइलची किती पाकिटं मागवायची असं मी विचारलं, त्यावर आत्याचं हे उत्तर. तिचं दुकान वेंगुर्ले तालुक्यात, किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर. कुडाळहून होलसेलवाल्याचा टेम्पो दर मंगळवारी येतो आणि गेली कित्येक वर्षं त्यातून कॉइलची बारा पाकिटं उतरतात. एकही उरत नाही, म्हणजे बारा पुरतात, असा तिचा हिशोब. पण एकही उरत नाही याचा अर्थ बारा पुरत नाहीत, असाही होऊ शकतो. यातलं खरं काय, हे महिन्याच्या विक्रीच्या बेरजेवरून कळत नाही. रोज रात्री शिल्लक किती होती हे लिहून ठेवलं, तरच कळतं.

हा लेख तेवढ्यापुरताच आहे. दुकान बंद करताना रोजची शिल्लक टिपायची आणि महिन्याअखेरीला त्या टिपणातून कुठला माल वेळेआधी संपतोय आणि कुठला खरोखर पडून आहे हे शोधायचं. या दोन गोष्टी दिसायला वेगळ्या वाटतात, पण आकड्यांत त्या एकमेकींत इतक्या मिसळतात की संपलेला माल ‘खपत नाही’च्या यादीत जाऊन बसतो. मोबाईलवर गुगल शीट उघडता येत असेल तर एवढं साहित्य पुरे.

पहिली पायरी: रात्री काय लिहायचं

सगळं दुकान रोज मोजायला जाऊ नका. आत्याकडे साधारण साडेतीनशे प्रकारचा माल आहे. तो रोज मोजायचा म्हटलं तर चौथ्या दिवशी वही बंद पडेल. चाळीस वस्तू निवडा. गिऱ्हाईक हमखास मागतं अशा पंचवीस घ्या, आणि या उठत नाहीत असं तुम्हाला वाटतं अशा पंधरा. मोजायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. बिलिंगचं सॉफ्टवेअर असेल तर त्यातून शिल्लक काढता येते, पण तरी रोज पाच-सहा वस्तू रॅकवर जाऊन डोळ्यांनी बघा. का, ते पुढे गुळाच्या गोष्टीत येईल.

शीटच्या पहिल्या पानाला `Roj` असं नाव द्या. एका वस्तूची एका दिवसाची एक ओळ. तुम्ही फक्त चार रकाने भरायचे: A मध्ये तारीख, B मध्ये मालाचं नाव, C मध्ये त्या दिवशी आलेला माल, म्हणजे आवक, आणि D मध्ये रात्रीची शिल्लक.

मोजायचं ते विकतो त्याच मापात. कॉइल पाकिटाने विकतो, तर आवकही पाकिटांत लिहायची, ‘एक बॉक्स’ म्हणून नाही. सुट्ट्या तांदळासारख्या मालाची शिल्लक शून्यावर कधीच येत नाही, तळाशी दोन किलो उरतातच. तसा माल सुरुवातीला या यादीत घेऊच नका. मोजून विकता येतो, पाकीट, बाटली, भेली, तोच घ्या.

मोजण्याची वेळ रोज एकच हवी. आमच्याकडे शटर अर्धं ओढलं की मोजणी सुरू होते. एक दिवस दुपारी आणि एक दिवस रात्री मोजलंत, तर एका दिवसाची विक्री दुसऱ्या दिवसाच्या खात्यात जाते.

आता या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा नियम. ज्या दिवशी मोजलं नाही, त्या दिवसाची ओळच लिहायची नाही. शून्य तर अजिबात लिहायचं नाही. मी हे चुकलो आहे. पावसात तीन दिवस वीज नव्हती, फोन बंद, मोजणी झाली नाही. नंतर रकाने रिकामे बरे दिसेनात म्हणून मी त्यात शून्य भरलं. शीटने सांगितलं की पहिल्या दिवशी शाम्पूच्या सगळ्या बाटल्या एकदम विकल्या गेल्या, दोन दिवस रॅक रिकामं होतं आणि चौथ्या दिवशी विक्री उणे झाली. चाळीस वस्तूंची हीच गत. ‘माल नव्हता’ आणि ‘मोजलं नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि शीटला त्यातला फरक आपण सांगितल्याशिवाय कळत नाही.

दुसरी पायरी: शीटला विक्री काढायला लावा

पुढचे तीन रकाने शीट भरेल. E मध्ये कालची शिल्लक, F मध्ये आजची विक्री आणि G मध्ये दिवसाचा प्रकार. दुसऱ्या ओळीत ही सूत्रं टाका आणि खाली ओढा.

E2 मध्ये:

```
=IF(COUNTIFS(A:A,A2-1,B:B,B2)=0,"",SUMIFS(D:D,A:A,A2-1,B:B,B2))
```

F2 मध्ये:

```
=IF(E2="","",E2+C2-D2)
```

G2 मध्ये:

```
=IF(E2="","?",IF(F2<0,"चूक",IF(E2+C2=0,"रिकामा",IF(D2=0,"संपला","चालू"))))
```

विक्रीचं गणित वहीतलंच आहे: कालची शिल्लक, अधिक आज आलेला माल, वजा आजची शिल्लक. E मधल्या सूत्राचा पहिला भाग कालची ओळ आहे की नाही ते आधी तपासतो. तो काढून टाकलात तर न मोजलेला दिवस पुन्हा शून्य धरला जाईल.

खरं काम G करतो. सकाळी माल होता आणि रात्रीही होता, तो दिवस ‘चालू’. सकाळी होता पण रात्री शून्य, तो ‘संपला’. सकाळीही नव्हता आणि दिवसभरात आलाही नाही, तो ‘रिकामा’. कालचं माहीत नसेल तर ‘?’. आणि विक्री उणे आली तर ‘चूक’.

सगळ्याच ओळींत ‘?’ किंवा `#VALUE!` दिसत असेल तर तारखा बघा. 01.06.2025 असं टिंब देऊन लिहिलेली तारीख शीट बरेचदा नुसती अक्षरं म्हणून घेतं, आणि अक्षरांतून एक दिवस वजा करता येत नाही. खरी तारीख रकान्यात उजवीकडे चिकटते, अक्षरं डावीकडे.

‘चूक’ आली की त्याच आठवड्यात शोधा, महिन्याने शोधून काही आठवत नाही. आकडा कितीने उणे आहे ते बघा. कॉइलच्या ओळीत बरोबर -12 किंवा त्याच्या आसपासचा आकडा आला, तर टेम्पोतून आलेली आवक लिहायची राहिली. उणे एक-दोनच असेल तर बहुधा आदल्या रात्री मोजताना मागचं पाकीट दिसलं नाही, किंवा कुणी माल परत आणून दिला.

कॉइलचा एक आठवडा

आत्याच्या दुकानातला जून 2025 चा हा एक आठवडा. 3 तारखेला मंगळवार होता.

| तारीख | कालची शिल्लक | आवक | आजची शिल्लक | विक्री | प्रकार |
|---|---|---|---|---|---|
| 3 जून | 0 | 12 | 8 | 4 | चालू |
| 4 जून | 8 | | 3 | 5 | चालू |
| 5 जून | 3 | | 0 | 3 | संपला |
| 6 जून | 0 | | 0 | 0 | रिकामा |
| 7 जून | 0 | | 0 | 0 | रिकामा |
| 8 जून | 0 | | 0 | 0 | रिकामा |
| 9 जून | 0 | | 0 | 0 | रिकामा |

मंगळवारी आलेला माल गुरुवारी संपतो आणि पुढचे चार दिवस रॅक रिकामं. जूनमधले चारही आठवडे थोड्याफार फरकाने असेच गेले. 1 आणि 2 तारीखही रिकामीच होती. म्हणजे 30 दिवसांत चालू दिवस 8, संपलेले 4 आणि रिकामे 18. विक्री 48 पाकिटं.

आता नेहमीचा हिशोब करून बघा. 48 भागिले 30, म्हणजे रोज 1.6. आठवड्याला 11.2. म्हणून टेम्पोवाल्याला सांगायचं, बारा दे. बारा मागवली म्हणून बारा विकली गेली आणि बारा विकली गेली म्हणून पुन्हा बारा मागवली. हा आकडा स्वतःलाच खरं ठरवत राहतो. आत्या वर्षानुवर्षं त्याच्याच भरवशावर होती आणि तिच्या वहीत चूक म्हणून काहीच दिसत नव्हतं.

ज्या दिवशी रॅकवर माल नव्हता, त्या दिवशी विक्री शून्य होणारच. तो दिवस भागाकारात घ्यायचाच नाही. माल जितके दिवस हातात होता तेवढ्यांनीच भागायचं. ‘संपला’ दिवस अर्धा धरा, कारण माल सकाळी दहाला संपला की संध्याकाळी सातला, हे रात्रीच्या मोजणीला माहीत नसतं. इथे 8 अधिक 4 चे निम्मे 2, म्हणजे 10 दिवस. 48 भागिले 10, रोजचा खप 4.8 पाकिटं. नेहमीच्या हिशोबाच्या तिप्पट.

तिसरी पायरी: महिन्याचा अहवाल

दुसरं पान उघडा, नाव `Ahaval`. M1 मध्ये महिन्याची पहिली तारीख, M2 मध्ये शेवटची. A रकान्यात चाळीस वस्तूंची नावं, `Roj` मध्ये जशी लिहिलीत अगदी तशीच. एक वेलांटी इकडची तिकडे झाली तरी शीटला ती दुसरी वस्तू वाटते.

B2 मध्ये विक्री:

```
=SUMIFS(Roj!F:F,Roj!B:B,A2,Roj!A:A,">="&$M$1,Roj!A:A,"<="&$M$2,Roj!F:F,">0")
```

C1, D1, E1 या मथळ्यांच्या घरांत अनुक्रमे चालू, संपला, रिकामा हे शब्द लिहा. मग C2 मध्ये खालचं सूत्र टाकून ते E2 पर्यंत ओढा. मथळ्यातला शब्द बघून ते त्या प्रकारचे दिवस मोजतं.

```
=COUNTIFS(Roj!$B:$B,$A2,Roj!$A:$A,">="&$M$1,Roj!$A:$A,"<="&$M$2,Roj!$G:$G,C$1)
```

पुढची पाच घरं अशी. F2 मध्ये माल हातात असलेले दिवस, G2 मध्ये रोजचा खप, H2 मध्ये महिन्याअखेरची शिल्लक, I2 मध्ये ती शिल्लक किती दिवस पुरेल आणि J2 मध्ये शेवटच्या विक्रीची तारीख.

```
F2:  =C2+D2/2
G2:  =IF(F2<7,"",B2/F2)
H2:  =SUMIFS(Roj!D:D,Roj!B:B,A2,Roj!A:A,$M$2)
I2:  =IF(G2="","",IF(B2=0,"विक्री नाही",H2/G2))
J2:  =MAXIFS(Roj!A:A,Roj!B:B,A2,Roj!F:F,">0")
```

F2, G2 वगैरे डावीकडची नावं घरांची आहेत, सूत्र `=` पासून पुढचं. B2 ते J2 ही सगळी सूत्रं शेवटच्या वस्तूपर्यंत खाली ओढा. J रकान्याला तारखेचं रूप द्या. तिथे 30-12-1899 दिसलं तर घाबरू नका, त्या वस्तूची एकही विक्री सापडली नाही एवढाच त्याचा अर्थ. H मध्ये महिन्याच्या शेवटच्या रात्रीची शिल्लक येते. ती मोजणी राहिली असेल तर तिथे खोटं शून्य येईल, म्हणून M2 मध्ये मोजणी झालेलीच तारीख द्या.

G मध्ये सात दिवसांची अट मुद्दाम घातली आहे. जूनमध्ये बॅटरीचे मोठे सेल फक्त सहा आले, तीन दिवसांत संपले आणि उरलेला महिना रिकामा गेला. हातातले दिवस अडीच. सहा भागिले अडीच म्हणजे रोजचे 2.4, पण या आकड्यावर मी विश्वास ठेवणार नाही. वीज गेलेल्या एका संध्याकाळी एकाच माणसाने चार सेल नेले असले तरी हाच आकडा आला असता. सात दिवसांपेक्षा कमी माहिती असेल तर घर मोकळं राहू द्या. आधी माल आणून ठेवा, मग खप विचारा. विशेष म्हणजे याच सेलबद्दल आत्या म्हणाली होती, “ह्यां काय खपना नाय.” महिन्यात सहाच विकले गेले होते ना!

संपणाऱ्या मालाचं काय करायचं

E रकान्यावरून, म्हणजे रिकाम्या दिवसांवरून, मोठ्याकडून लहानाकडे लावा. वरच्या पाच-सहा वस्तू तुमच्या खऱ्या तुटवड्याच्या. पण लगेच 4.8 गुणिले 7 करून 34 पाकिटं मागवू नका.

याचं कारण गिऱ्हाईक. कॉइल मंगळवारी येते आणि गुरुवारी संपते हे गावाला ठाऊक झालेलं असतं. मग मंगळवारी एका पाकिटाच्या जागी दोन नेली जातात. माल जेवढे दिवस हातात असतो, त्या दिवसांत तुंबलेली मागणीही येऊन मिसळते, आणि खप खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. रिकामे दिवस जितके जास्त, तितका हा फुगवटा मोठा. म्हणून पायरीपायरीने वाढवा.

आम्ही 1 जुलैच्या टेम्पोला 24 सांगितली. ती रविवारी संपली, सोमवार रिकामा. पाच दिवस चालू आणि रविवारचा अर्धा, म्हणजे साडेपाच दिवसांत 24. रोजची 4.4. पुढच्या मंगळवारी 30 सांगितली, सोमवारी रात्री तीन उरली. सात दिवसांत 27, रोजची 3.9. माल कायम मिळतो हे कळल्यावर लोक जास्तीचं नेईनासे झाले आणि आकडा खाली येऊन स्थिरावला. आठवड्याला 30 हा आता आमचा कॉइलचा आकडा आहे. उरलेली दोन-तीन पाकिटं हवीतच. रॅकवर काहीतरी उरतं तेव्हाच मागणी पूर्ण मोजली गेली अशी खात्री धरता येते.

रात्रीच्या मोजणीला एक गोष्ट कधीच दिसत नाही. मंगळवारी सकाळी शेवटचं पाकीट गेलं, दुपारी टेम्पो आला, रात्री रॅक भरलेलं. शीट म्हणेल ‘चालू’, पण मधले चार तास गिऱ्हाईक परत गेलं. यासाठी गल्ल्याशेजारी एक छोटी वही ठेवा. कुणी काही मागितलं आणि आपण ‘नाही’ म्हटलं की वस्तूचं नाव आणि एक रेघ, बाकी काही नाही. आत्याला मोबाईलचा कंटाळा आहे, पण ही वही ती न चुकता लिहिते. महिन्याअखेरीला रेघा आणि रिकामे दिवस शेजारी ठेवून बघा. शीटमध्ये एकही रिकामा दिवस नाही आणि वहीत मात्र नऊ रेघा आहेत, अशी वस्तू दिवसाढवळ्या संपतेय. आणि शीटमध्ये पंधरा दिवस रिकामे असूनही वहीत एकही रेघ नसेल, तर ती वस्तू कुणाला नकोच होती. ती पुन्हा मागवू नका.

पडून राहिलेला माल

आता I रकाना, मोठ्याकडून लहानाकडे. शाम्पूच्या मोठ्या बाटल्या 31 मेच्या रात्री नऊ होत्या, 30 जूनच्या रात्री आठ. तीसही दिवस चालू, विक्री एक. आठ बाटल्या याच वेगाने गेल्या तर 240 दिवस पुरतील. हा खरोखर पडून राहिलेला माल, कारण इथे ‘रॅक रिकामं होतं’ ही सबब नाही. माल समोर होता, मोजलेला होता, आणि कुणी उचलला नाही. शेजारीच टांगलेली त्याच शाम्पूची पुडी रोज जात होती, म्हणजे गिऱ्हाईक आहे, बाटली नको आहे.

टेम्पो दर आठवड्याला येतो अशा ठिकाणी मी 60 दिवसांच्या वरचं सगळं तपासतो आणि 120 च्या वर गेलेल्या मालाची नवी खरेदी थांबवतो. हे आमच्या दुकानाचे आकडे. महिन्यातून एकदाच माल येणाऱ्या दुकानाला 60 दिवस म्हणजे फक्त दोन खेपा, तिथे सीमा वर न्यावी लागेल. नवीन वस्तू निदान महिनाभर हातात राहिल्याशिवाय या यादीत धरू नका.

आणि पाकिटावरची मुदत बघा. पुरायचे दिवस जर मुदतीला उरलेल्या दिवसांपेक्षा जास्त असतील तर वाट बघण्यात अर्थ नाही, आजच होलसेलवाल्याला परत घेतोस का विचारा. मुदतीला चार महिने असताना तो घेईलही, पंधरा दिवस असताना घेणार नाही. आपल्याकडे पावसाळ्यात हे जरा आधीच करावं लागतं. छापील मुदत शिल्लक असली तरी जूनच्या दमट हवेत बिस्किटं आणि पापड त्याआधीच मऊ पडतात.

I मध्ये ‘विक्री नाही’ दिसलं म्हणून मात्र लगेच निकाल देऊ नका. जूनमध्ये आत्याकडे नायलॉनच्या जाड दोरीची एक गुंडाळीसुद्धा गेली नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी नौकांना मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, दोरी कोण घेणार? याच काळात जाळी दुरुस्त होतात, म्हणून जाळ्याचा धागा मात्र संपत होता. दोरीचा हिशोब ऑगस्ट उलटल्यावर करायचा.

अडकलेला आकडा

आता गूळ. एक किलोच्या भेलींचा जूनचा अहवाल बघून कुणालाही वाटेल, सगळं ठीक आहे. विक्री 6, चालू दिवस 30, रोजचा खप 0.2, शिल्लक 7, म्हणजे 35 दिवस पुरेल. ना तुटवडा, ना पडून.

पण J मध्ये शेवटची विक्री 11 जून होती. `Roj` मध्ये गुळाच्या ओळी गाळून बघितल्या, तर पहिल्या 11 दिवसांत सहा भेली गेल्या होत्या आणि मग 19 दिवस शिल्लक सातच्या सात. एवढी सरळ रेघ संशयास्पद असते. दर दोन दिवसांनी एखादी जाणारी भेली अचानक एकोणीस दिवस कुणालाच नको होईल असं सहसा घडत नाही.

यासाठी मी एक साधा गुणाकार करतो. थांबण्याआधीचा रोजचा खप गुणिले विक्री न झालेले दिवस. उत्तर 3 च्या पुढे गेलं की उठून रॅकपाशी जायचं. फुटकळ, एकेक करून जाणाऱ्या मालात, जिथे तीन जायला हव्या होत्या तिथे निव्वळ योगायोगाने एकही न जाण्याची शक्यता वीसात एक असते. गुळाचं उत्तर 0.55 गुणिले 19, म्हणजे दहाच्या वर.

रॅकवर सात भेली होत्या खऱ्या. मी रोज मोजतही होतो. पण पाऊस सुरू झाल्यावर त्यांना पाणी सुटलं होतं, कागद चिकटला होता, आणि मुंग्या लागू नयेत म्हणून आत्याने त्या मागच्या फळीवर परातीत ठेवल्या होत्या. गिऱ्हाईकाला ती ‘गूळ संपलो’ सांगत होती आणि मी रात्री परातीतल्या भेली मोजून शीटमध्ये सात लिहीत होतो. आकड्यांत मंद खप आणि प्रत्यक्षात एकोणीस दिवसांचा तुटवडा. शिल्लक म्हणजे आत्ता गिऱ्हाईकाच्या हातात देता येईल एवढाच माल. ओला, फुटलेला, मुदत संपलेला, घरच्या स्वयंपाकघरात गेलेला माल त्याच रात्री शिलकेतून कमी करायचा. तो विक्रीत मोजला जाऊ नये म्हणून C मध्ये तेवढाच आकडा उणे लिहा. सात भेली खराब झाल्या तर आवक -7, शिल्लक 0. विक्री शून्य येते, आणि उद्यापासूनचे दिवस ‘रिकामा’ म्हणून दिसू लागतात. फक्त त्या एका दिवसालाही शीट ‘रिकामा’ म्हणेल, ते चालतं.

चतुर्थीच्या आधी

जूनचा खप घेऊन गणपतीचा माल भरू नका, हे कोकणात कुणाला सांगायला नको. गाव चाकरमान्यांनी भरतं त्या आठवड्यात कापूर, वाती, रवा, गूळ यांचा खप वेगळाच असतो. मागच्या वर्षीची `Roj` ची ओळ इथे उपयोगी पडते, पण तारखेला तारीख लावून नव्हे. गणेश चतुर्थी 2024 मध्ये 7 सप्टेंबरला होती, 2025 मध्ये 27 ऑगस्टला. 2024 चा 20 ऑगस्ट हा चतुर्थीच्या अठरा दिवस आधीचा साधा दिवस आणि 2025 चा 20 ऑगस्ट आठवडाभर आधीचा, गर्दीचा. म्हणून M1 आणि M2 मध्ये चतुर्थीच्या दहा दिवस आधीपासून विसर्जनापर्यंतच्या मागच्या वर्षीच्या तारखा टाका. मग सगळ्यात आधी E रकाना बघा. मागच्या वर्षी कापूर चतुर्थीच्या आदल्या दिवशी संपला असेल, तर त्या विक्रीच्या आकड्यातही रिकामे दिवस दडलेले आहेत. यंदा टेम्पोवाल्याला सांगताना तेवढा माल वरती धरा.